काल रात्रीच्या माझ्या मेसेजबद्दल

सर्वांना नमस्कार,

काल रात्री अकराच्या सुमारास या ग्रुपवर माझ्याकडून जो मेसेज आला, तो माझ्या बहिणीसाठी होता. लक्षात आल्यावर घाबरून ‘डिलीट फॉर मी’ दाबलं, म्हणजे तो फक्त माझ्या फोनवरून गेला आणि तुमच्याकडे तसाच राहिला. शेवटी ॲडमिन वहिनींना झोपेतून उठवलं, तेव्हा कुठे तो निघाला. तोवर बऱ्याच जणांनी वाचला होता. सकाळी लिफ्टमध्ये सगळे फार जपून बोलत होते, त्यावरून कळलंच.

पाठवला चुकून, पण लिहिला मीच होता. त्यामुळे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची मनापासून माफी मागते.

खजिनदार काका, गणपतीच्या हिशोबाबद्दल मी ज्या सुरात लिहिलं तो सूर अजिबात बरोबर नव्हता. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री मांडववाल्याचे पैसे कमी पडले, तेव्हा तुम्ही खिशातून भरले आणि महिनाभर कोणाकडे मागितले नाहीत. हे माहीत असून मी तसं लिहिलं, याची जास्त लाज वाटते. आज संध्याकाळी घरी येऊन भेटते. आज नको असेल तर तसं कळवा, उद्या येईन. यंदा वर्गणी 1000 वरून 1500 का झाली हा प्रश्न मात्र माझा आहेच. तो रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, नीट विचारेन. आधीच तसं करायला हवं होतं.

सी-विंगच्या काकू, शिऱ्याबद्दलचं वाक्य निव्वळ आगाऊपणा होता. दीडशे माणसांचा शिरा ढवळायला मी एकदाही उभी राहिलेले नाही. यंदा एका दिवसाचा प्रसाद माझ्याकडे द्या, आणि गुठळ्या झाल्या तर सगळ्यांसमोर सुनवा.

मेसेजच्या शेवटी एका घरातल्या खासगी गोष्टीचा उल्लेख होता. ती मला विश्वासाने सांगितलेली होती, बहिणीलासुद्धा सांगायला नको होती. त्यांच्याशी मी सकाळीच बोलले आहे. त्या रागावल्या आहेत, आणि त्यांचा राग रास्त आहे. तुम्हा सगळ्यांना एकच विनंती: कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर काढून टाका, पुढे पाठवू नका, आणि जिन्यात भेटल्यावर त्यांना ‘आता कसं आहे’ म्हणून विचारू नका. मला काय बोलायचं ते खुशाल बोला.

इथे उत्तर द्यायची गरज नाही, ‘असू दे गं’ वगैरेही नको. कोणाला बोलायचं असेल तर रात्री आठनंतर मी घरीच आहे.

आणि या सगळ्या गोंधळात वॉचमनचा निरोप वर गेलाय: टाकी धुणार आहेत, उद्या सकाळी 10 ते 1 पाणी बंद. भरून ठेवा.

मृणाल, बी-304