संयुक्त उपक्रम सुकाणू समिती : सभेचे इतिवृत्त

मकरपुरा, वडोदरा, 12 जून 2025. दोन्ही भागीदारांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी हजर, गणपूर्ती झाली. मागील इतिवृत्त कायम.

ट्रान्सफॉर्मर चाचणी विभागासाठी 1 कोटी 80 लाख रुपयांचे अंदाजपत्रक एकमताने मंजूर, खर्च निम्मा-निम्मा. तेल गाळण्याच्या यंत्राखालच्या पायाला तडे गेले आहेत, बोल्ट हाताने हलतात. म्हणून ती दुरुस्ती आधी, रंगकाम नंतर. कामगारांच्या सुरक्षिततेत काटकसर नको, असे अध्यक्षांनी निक्षून सांगितले.

60 लाखांच्या बँक कर्जाचा प्रस्ताव समितीने मंजूर केला नाही. कर्ज, जमीन तारण व भागभांडवलातील बदल हे करारानुसार भागीदारांसाठी राखीव विषय. दोघांची लेखी संमती लागेल. प्रस्ताव 20 जूनपर्यंत दोघांकडे पाठवण्याची जबाबदारी सचिवांची.