शेलगावचा ‘व’

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त होणाऱ्या पोस्टर स्पर्धेचा विषय ‘माझे गाव’ असा जाहीर झाला, तेव्हा नववीतल्या मंजिरीने आपले नाव वर्गात सर्वांसमोर न देता मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून दिले. हजेरीलाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचत असे.

फाट्यावरच्या पत्र्याच्या फलकावर काळ्या रंगात ‘शेलगाव’ असे लिहिलेले होते. ते कोणी आणि कधी रंगवले हे आता कोणालाच आठवत नव्हते. पण रंगवणाऱ्याचा हात सराईत होता, एवढे मात्र त्या अक्षरांवरून सहज कळे. श देठाचा होता आणि ल दोन पाकळ्यांचा, म्हणजे 2009 च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवले तशाच वळणाचा. संगणकावर छापून आणलेल्या फ्लेक्सवर मात्र हे वळण अनेकदा बदललेले दिसते. जागेचा अंदाज मात्र त्या रंगाऱ्याचा चुकला होता. ‘शे’ ऐसपैस होता, ‘गा’चे दोन दंड एकमेकांना खेटले होते आणि शेवटचा ‘व’ बसच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशासारखा कडेला कसाबसा उभा होता.

मंजिरीने दोऱ्याने प्रत्येक अक्षराची उंची आणि रुंदी मोजली. गंजाने खाल्लेल्या रेषा कुठून निघून कुठे वळत असाव्यात, हे तिने टोक तिरके कापलेल्या बोरूने जुन्या वर्तमानपत्रांवर पुन्हा पुन्हा गिरवून शोधले, कारण जाड रेषा कुठे बारीक होते हे बोरू हातात धरल्याशिवाय उमगत नाही. पोस्टरवर तिने देऊळ काढले नाही, नदी काढली नाही, अक्षरांच्या पोटात झाडेही भरली नाहीत. पांढऱ्या कागदावर फक्त चार अक्षरे होती; शिरोरेषा सलग होती आणि ‘व’ला त्याची पूर्ण जागा मिळाली होती.

“यात गाव कुठे आहे?” असे परीक्षकांनी विचारले, तेव्हा तिने मान खाली घातली. बाई मदतीला पुढे येणार, इतक्यात ती म्हणाली, “सर, फलकावरचा ‘व’ नीट मावलेला नाही. मी तेवढाच नीट बसवला. बाकी वळण त्यांचेच ठेवले आहे.”

परीक्षकांनी ते पोस्टर भिंतीपासून दूर जाऊन पाहिले, पुन्हा जवळ येऊन ‘गा’मधले अंतर बोटाने मोजले आणि पहिला क्रमांक तिला दिला. टाळ्या वाजत असताना ती बाईंच्या मागे उभी होती.

पुढच्याच आठवड्यात सरपंचांनी तिला ग्रामपंचायतीत बोलावून जुन्याच पत्र्यावर ही अक्षरे रंगवून देशील का, असे विचारले. वडील तिच्या वतीने होकार देण्याच्या बेतात होते.

“त्या पत्र्यावर नाही जमणार, काका,” मंजिरी म्हणाली. “नवा पत्रा हातभर जास्त रुंद घ्यावा लागेल.”