कनिष्ठ रोखपाल : मुलाखतकारांसाठी प्रश्नसंच आणि गुणपत्रक

विटा, तासगाव आणि मिरज शाखांसाठी एकेक रोखपाल घ्यायचा आहे. मुलाखती तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी, दोघादोघांच्या मंडळांपुढे होतील. उमेदवार कोणापुढे बसला यावरून गुण बदलू नयेत, म्हणून चारही प्रश्न याच शब्दांत, याच क्रमाने विचारावेत. शिक्षण, टॅली, एमएस-सीआयटी छाननीत पाहून झाले आहे; त्याला इथे गुण नाहीत.

आदल्या दिवशी सहाही मुलाखतकारांनी एकत्र बसून प्रश्न २ च्या दोन नमुना उत्तरांना स्वतंत्रपणे गुण द्यावेत. एकाच उत्तराला कुणी २ आणि कुणी ४ दिले, तर कसोटीचे वाक्य तिथेच दुरुस्त करावे. मुलाखती सुरू झाल्यावर कसोटी बदलायची नाही.

प्रत्येक उमेदवाराला ३० मिनिटे, त्यानंतर गुण भरायला १० मिनिटे. ही १० मिनिटे खाऊ नका. पाच उमेदवार झाल्यावर आठवून गुण दिले, की आधीच्या चांगल्या उमेदवाराशी तुलना होऊन पुढचा साधा उमेदवार कच्चा वाटतो.

प्रश्न १. रोख मोजणी (भार ३, वेळ ६ मिनिटे)
चिठ्ठी द्या: ५०० × ३७, २०० × २४, १०० × ५८, ५० × १६, २० × ९, १० × १३. सोबत रोजकीर्दीचे पान (शिल्लक ३०,३९०) आणि दिवसाची व्हाउचरे. "हातातली रोख आणि कीर्दीची शिल्लक जुळते का? नसेल तर फरक कुठे आहे?"
उत्तर: रोख ३०,२१०, तूट १८०. ५३० रुपयांचे नावे व्हाउचर कीर्दीत ३५० लिहिले आहे.
५ – बेरीज बरोबर, उलटे झालेले आकडे सापडले. ३ – तूट बरोबर, कारण सापडले नाही. १ – बेरीज चुकली, पुन्हा तपासली नाही.
कॅल्क्युलेटर सर्वांना द्यावा.

प्रश्न २. चूक उघड करणे (भार ३)
"पैशात, हिशेबात किंवा कागदपत्रात तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. ती कुणाला, केव्हा सांगितलीत?" नोकरीचा अनुभव नसेल तर दुकान, कॉलेज, मंडळाची वर्गणी, काहीही चालेल.
५ – ठोस प्रसंग, त्याच दिवशी स्वतःहून सांगितले, पुढे कामाची पद्धत बदलली. ३ – प्रसंग ठोस, पण विचारल्यावर कबूल केले. १ – प्रसंग नाही, किंवा तूट खिशातून भरून गुपचूप मिटवली.
तूट खिशातून भरणारा उमेदवार प्रामाणिक वाटतो आणि मुलाखतकार हमखास ४ देतात. पण आज १८० खिशातून भरणारा उद्या १८० जास्त निघाले तर तेही सांगणार नाही, आणि तफावतीची नोंदच राहणार नाही. त्याला १ च द्यावा.

प्रश्न ३. दबाव (भार २)
"गर्दीच्या वेळी संचालकांचे परिचित येतात. 'पंधरा हजार द्या, सही संध्याकाळी करतो, साहेबांशी बोलणं झालंय.' तुम्ही काय कराल?" उत्तर झाल्यावर सर्वांना एकच उपप्रश्न: "साहेबांनी फोनवर 'द्या' म्हटलं तर?"
५ – दोन्ही वेळा नम्र नकार, शाखाधिकाऱ्यांकडे पाठवतो. ३ – आधी नकार, फोननंतर देतो. १ – चिठ्ठीवर पैसे देतो.

प्रश्न ४. खिडकीवरचे बोलणे (भार २)
आधी वाचून दाखवा: "व्याजासह २०,००० किंवा त्याहून जास्त होणारी मुदत ठेव रोखीने परत देता येत नाही." नियमाची माहिती तपासायची नाही, ती प्रशिक्षणात देता येते. मग मुलाखतकाराने ठेवीदार आजी होऊन म्हणावे, "बाळा, माझेच पस्तीस हजार, आणि मलाच रोख देत नाही?"
५ – कारण साध्या भाषेत, चेकने किंवा बँक खात्यात रक्कम कशी मिळेल ते सांगतो. ३ – नियम सांगून थांबतो. १ – आवाज चढवतो, किंवा रक्कम तोडून रोख द्यायची वाट सुचवतो.

| प्रश्न | गुण (१–५) | भार | एकूण | उमेदवाराचे शब्द |
|---|---|---|---|---|
| १ | ४ | ३ | १२ | "१८० कमी, एक व्हाउचर उलटं लिहिलंय" (७ मिनिटे) |
| २ | ३ | ३ | ९ | "सरांनी विचारल्यावर सांगितलं" |
| ३ | ४ | २ | ८ | "सही असेल तरच". फोनवर जरा अडखळला |
| ४ | ३ | २ | ६ | "नियमच आहे, आजी" |
| | | | ३५/५० | |

(भरलेला नमुना.) २ आणि ४ हे मधले गुण आहेत. शेवटच्या रकान्यात शेरा नको, ऐकलेले शब्द हवेत. "स्मार्ट आहे", "घरचं वळण चांगलं" लिहिलेले पत्रक परत पाठवले जाईल.

दोघांनी पत्रके भरून सही होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. एका प्रश्नावर २ किंवा जास्त गुणांचा फरक असेल तरच चर्चा करावी; गुण बदलल्यास जुना आकडा वाचता येईल असा खोडून कारण लिहावे. अंतिम गुण म्हणजे दोघांची सरासरी. निवडीसाठी किमान ३०, आणि प्रश्न २ मध्ये सरासरी ३ पेक्षा कमी असेल तर एकूण कितीही असो, नाव वगळावे.

लग्न, मुले, जात, गाव, "कुणाचे कोण" हे विचारू नये. चहा घेतानाही नाही. उमेदवार नात्यातला किंवा ओळखीचा निघाल्यास मुलाखतकाराने उठावे आणि त्या उमेदवाराला दुसऱ्या शाखेच्या मंडळापुढे पाठवावे.