वस्तू स्थिती अहवाल : झिलईदार बरणी, नोंद क्र. १९८७.४३

वस्तू : भाजलेल्या मातीची, तपकिरी झिलईची, दोन कानांची बरणी. उंची ३१२ मिमी, कमाल व्यास २४० मिमी.
तपासणीचे कारण : प्रदर्शनासाठी बाहेर देण्यापूर्वीची तपासणी.
पद्धत : साध्या व तिरप्या प्रकाशात डोळ्यांनी व दहापट भिंगातून, त्यानंतर अतिनील प्रकाशात.
स्थाननिर्देश : बरणी वरून पाहता ‘अ’ कान घड्याळाच्या १२ वर धरला आहे.

एकूण स्थिती : मध्यम, जुना सांधा अस्थिर.

दुरुस्ती : काठापासून ४ च्या दिशेने पोटावर उतरणाऱ्या १४२ मिमी लांबीच्या रेषेची मागील अहवालात ‘तडा’ अशी नोंद आहे, पण तो तडा नसून पूर्ण तुटलेला भाग पुन्हा जोडल्याचा सांधा आहे. सांध्यातील पिवळसर चिकटद्रव्य अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते, त्यामुळे ते लाख असावे. ते ठिसूळ झाले असून खालच्या ५० मिमी भागात सांधा ०.५ मिमीपर्यंत उघडा आहे. सांध्यावर लोखंडी तारेचे तीन टाके होते. त्यांपैकी दोन शिल्लक आहेत व तिसऱ्याची छिद्रे रिकामी आहेत. सांध्याच्या वरच्या टोकाशी काठाचा १८ × ९ मिमी भाग नष्ट झाला असून तो पांढऱ्या भरणाने भरून वरून रंगवला आहे. हा रंग शेजारच्या मूळ झिलईवरही ३ ते ५ मिमी पसरला आहे, हे साध्या प्रकाशात सहज लक्षात येत नाही.

डाग : टाक्यांच्या छिद्रांभोवती कमाल १२ मिमी व्यासाचे नारिंगी-तपकिरी डाग असून, त्यांचे स्थान पाहता ते लोखंडाच्या गंजाचे आहेत. आतील तळावर राखाडी रंगाचा अस्पष्ट कडेचा डाग आहे, त्याचे कारण ठरवता आले नाही. क्षारांची फुलोरी कोठेही नाही.

तडे : ८ वर काठापासून ३६ मिमी लांबीचा केसतडा असून तो आतील बाजूस उमटलेला नाही. संपूर्ण झिलईत जाळीदार बारीक भेगा आहेत, त्या स्थिर आहेत. तळावरील ४४ मिमी भेगेच्या कडांवर झिलई ओघळून गोलावली आहे, म्हणजे ती भाजतानाच पडली. तिची गणना हानीत करू नये.

टवके : पायाच्या कडेवर सहा लहान टवके आहेत, त्यांत मळ साचलेला असल्याने ते जुने आहेत. ७ वर काठावरील ४ × ३ मिमी टवका मात्र स्वच्छ व धारदार असून मागील अहवालात किंवा छायाचित्रांत दिसत नाही. तो साठवणीच्या काळातच पडला असावा. पेटीत त्याचा तुकडा सापडला नाही.

शिफारस : सांधा पक्का करेपर्यंत बरणी प्रवासास पाठवू नये. तोवर ती कान वा काठ न धरता, एक हात तळाखाली व दुसरा १० च्या बाजूने पोटाला लावून उचलावी, आणि गंज वाढू नये म्हणून कोरड्या कपाटात ठेवावी. रंगवलेला भाग काढायचा की ठेवायचा, हा निर्णय संग्रहपालांशी चर्चा करून घ्यावा.

सोबत : १४ छायाचित्रे, स्थाननिर्देशक रेखाचित्र १.
तपासणी : वरिष्ठ संवर्धक, मृण्मय वस्तू विभाग