नीताच्या पन्नाशीला, टेपरेकॉर्डरसकट

ऐका, जरा गप्प बसा सगळे, माईक माझ्या हातात क्वचितच येतो, कारण नीता असेल तिथे तो तिच्याकडेच असतो.

नीते, आज पन्नाशी गाठलीस, अभिनंदन. गुडघे आणि चष्मा यावर काही बोलणार नाही, मीही चार महिन्यांत तिथेच येतेय.

तर हे खोकं. उघड. नाही, हळू, जड आहे. हो, तोच तुमच्या घरातला टेपरेकॉर्डर! घर बदलताना तू भंगारात टाकायला निघाली होतीस, मी उचलून नेला आणि कधी बोलले नाही. आतला रबरी बेल्ट पार चिकट होऊन वितळलेला, नवा घालून घेतला, हेड स्पिरिटने पुसलं, आता चालतो. आवाज किंचित डुलतो, पण डुलू दे.

आणि आत कॅसेट आहे. मुलांनो, तुमची आई सातवीत न्यूजरीडर होती, बरं का. सुट्टीत रोज दुपारी आमच्या दोघींचं रेडिओ स्टेशन चालायचं, ती बातम्या वाचणार आणि मी जाहिराती, हवामान, शिवाय पावसाचा आवाज म्हणून माईकजवळ कागद चुरगाळणार, म्हणजे सगळी हमाली माझी. शेजारच्यांचं भांडण ही तिची ठळक बातमी, तीही इतक्या गंभीर आवाजात की मला हसू आवरायचं नाही, मग ती रेकॉर्डिंग थांबवून ओरडायची आणि परत पहिल्यापासून! भाऊजी, तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना?

रीळ बाहेर आलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम मात्र ती माझ्यावर कधीच सोडायची नाही. आणि हा बघ, वरचा प्लास्टिकचा तुकडा, तूच तोडलेला, कुणी चुकून यावर गाणी भरू नयेत म्हणून. तेव्हा मला वाटलं काय शहाणपणा करतेय. पण त्यामुळेच हे टिकलं गं.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर ऐकताना दचकशील. मधेच एकदा दार वाजतं आणि तुझे बाबा म्हणतात, "अगं पोरींनो, हळू, मी झोपलोय." आणि तू न्यूजरीडरच्याच आवाजात म्हणतेस, "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार बाबा झोपलेले नाहीत." त्यावर ते हसतात. मोठ्याने. तुझ्याकडे त्यांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज नाही, हे तू मागे एकदा बोलली होतीस, म्हणून हा सगळा खटाटोप. मोबाईलवर कॉपीपण करून ठेवलीय, टेपचा काय भरवसा.

रडू नकोस, मेकअप जाईल.

दुसरी बाजू कोरी आहे आणि तिचा तुकडा शाबूत आहे. त्यामुळे आज इथून कुणीही एक मिनिट बोलल्याशिवाय जायचं नाही. भाऊजी, तुमच्यापासून सुरुवात, या. नीते, बातम्या तूच वाचायच्यास, कागद मी आणलेत चुरगाळायला.