शोधप्रबंध परीक्षण अहवाल (बहिःस्थ परीक्षक)

विषय : सत्यशोधक वृत्तपत्रांतील शेतकरी व कामगारविषयक लेखन (1877 ते 1920)
पदवी : पीएच.डी. (मराठी)

प्रबंध मी दोनदा वाचला. विषय महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थिनीने जुने अंक स्वतः चाळले आहेत, हे तिसऱ्या प्रकरणात पानोपानी जाणवते. ‘दीनबंधु’तील वाचकांच्या पत्रांचे तिने केलेले विश्लेषण मला विशेष आवडले. म्हणूनच संदर्भांची हेळसांड अधिक खटकते.

चौथे प्रकरण एका घटनेवर उभे आहे : ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापणे थांबवले. पृ. 148 ते 171 या चोवीस पानांत या घटनेला एकही तळटीप नाही. जोतीरावांनी स्वतः याविषयी काय लिहिले आहे, ते मूळ शब्दांत द्यावे आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या भूमिकेचे विवेचन त्यानंतर करावे. आज तिथे अनुमान आणि पुरावा एकमेकांत मिसळले आहेत.

जोतीरावांची अवतरणे ‘समग्र वाङ्मय, पृ.’ एवढ्याच खुणेने दिली आहेत. हा ग्रंथ 1969 मध्ये कीर-मालशे यांच्या संपादनाखाली निघाला, पुढे य. दि. फडके यांनी सुधारून संपादित केलेली आवृत्ती 1991 मध्ये आली. पृष्ठांक कोणत्या आवृत्तीचे, हे कळल्याशिवाय ते निरुपयोगी आहेत. एकच आवृत्ती ठरवून सर्व पृष्ठांक पुन्हा ताडून पाहावेत. काही अवतरणांत जोतीरावांचे शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणे बदलले आहे. मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे.

अंकांचे संदर्भ ‘दीनबंधु, 1884’ असे आहेत. साप्ताहिकाचा नुसता वर्षांक देऊन कोणालाही तो मजकूर सापडणार नाही. तारीख, पृष्ठ आणि अंक कोठे पाहिला ते ग्रंथालय नोंदवावे. दुय्यम ग्रंथातून घेतलेला मजकूर ‘उद्धृत’ म्हणूनच दाखवावा. पृ. 92 वरील उतारा मूळ अंकातला वाटतो, पण त्यातला छपाईचा दोष दुय्यम ग्रंथात जसा आहे तसाच इथे उतरला आहे.

पृ. 37 वर ‘दीनबंधु’ लोखंडे यांनी सुरू केल्याचे म्हटले आहे. ते 1877 मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी सुरू केले. लोखंडे यांनी 1880 मध्ये ते मुंबईत हाती घेतले. ही चूक पृ. 40 व 119 वरही आहे, तिन्ही ठिकाणी दुरुस्त करावी.

तळटिपांत आलेले अकरा ग्रंथ संदर्भसूचीत नाहीत आणि सूचीतले सहा प्रबंधात कुठेच वापरलेले नाहीत. सूची एकाच पद्धतीने नव्याने करावी. टंकलेखनाच्या चुका मी प्रतीत पेन्सिलीने दाखवल्या आहेत.

शिफारस : वरील दुरुस्त्या करून प्रबंध तीन महिन्यांत पुन्हा सादर करावा. सोबत प्रत्येक दुरुस्तीचा पृष्ठांक देणारे, मार्गदर्शकांची सही असलेले निवेदन जोडावे. दुरुस्त प्रत मला पाहायची आहे, मौखिक परीक्षेची तारीख त्यानंतर ठरवावी. चौथ्या प्रकरणातला मुद्दा मला पटतो. त्याला पुराव्याचा आधार मिळाला, तर पदवी देण्याची शिफारस मी आनंदाने करीन.

बहिःस्थ परीक्षक