q² दिलाय, 2pq काढा: शनिवारच्या टेस्टआधीची उजळणी

बुधवारच्या पेपरात दुसरा प्रश्न बत्तीसपैकी एकोणीस जणांचा चुकलाय आणि सगळ्यांचा एकाच जागी, म्हणून आधी तोच परत घेतो. पुढचेही वहीत करून आणा, उत्तरं लगेच खाली दिलीत पण आधी बघू नका (बघणारच आहात, माहितीये).

प्र. १. एका लोकसंख्येत २५०० बाळांमागे १ बाळ सिस्टिक फायब्रोसिस घेऊन जन्मतं. आजार ऑटोसोमल रिसेसिव. कॅरिअर किती टक्के?

(उत्तरेकडच्या युरोपीय वंशाच्या लोकांत ढोबळमानाने हे प्रमाण धरतात म्हणून हा आकडा सगळीकडे दिसतो, आपल्याकडचा म्हणून कुठे ठोकून देऊ नका.)

बहुतेकांनी q = १/२५०० लिहून पुढे पळ काढला. अरे, बाळ आजारी व्हायला बिघडलेले अलील दोन लागतात ना, एक आईकडून एक बाबांकडून, आणि प्रत्येकाची शक्यता q, म्हणजे दोन्ही मिळायची q × q, म्हणजे पेपरात जो आकडा दिलाय तो q² आहे, q नाही. आधी वर्गमूळ काढा. q = १/५० = ०.०२, मग p = ०.९८, आणि 2pq = २ × ०.९८ × ०.०२ = ०.०३९२. कॅरिअर ३.९२ टक्के, साधारण पंचविसात एक.

एकीच्या पेपरात तर वर्गमूळ काढून खोडलेलं दिसतंय, पेन्सिलचा ठसा अजून आहे, आणि वर शाईने ०.०००४! बरोबर होतं गं तुझं. पटत नसेल तर आलेखाच्या वहीत ५० बाय ५० चा चौकोन काढ. एक बाजू आईची, एक बाबांची, प्रत्येकीच्या ५० पट्ट्यांत एक पट्टी बिघडलेल्या अलीलची, ती रंगव. एक उभी पट्टी रंगली, एक आडवी, आणि कोपऱ्यात दोन्ही जिथे एकमेकींवर येतात तो एकच चौकोन दोनदा रंगला. तोच आजारी, १. एकदाच रंगलेले ४९ + ४९ = ९८, हे कॅरिअर. कोरे ४९ × ४९ = २४०१. बेरीज करा, २५०० येते की नाही? एका आजाऱ्यामागे ९८ कॅरिअर, धडधाकट, स्वतःला पत्ताही नाही.

p² + 2pq + q² = 1 म्हणजे हेच चित्र, बाकी काही नाही. १९०८ मध्ये केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी आणि श्टुटगार्टचा डॉक्टर वाइनबर्ग यांनी वेगवेगळं मांडलं, म्हणून दोघांचं नाव.

प्र. २. फिनिलकिटोन्युरिया, १०,००० मागे १. कॅरिअर?
q = ०.०१, 2pq = ०.०१९८, पन्नासात एक. झालं.

प्र. ३. अल्बिनिझम, २०,००० मागे १ धरा, एकाच जीनमुळे होतो असंही धरा.
इथे वर्गमूळ सुबक येत नाही, घाबरू नका. q ≈ ०.००७०७, p जवळजवळ १ च, म्हणून 2pq ऐवजी सरळ 2q घेतलं तरी चालतं, ०.०१४१, सत्तर-एकाहत्तरात एक. पण q मोठा असेल तेव्हा हा शॉर्टकट मारू नका, मार्क जातील.

प्र. ४. प्र. १ मधल्याच लोकसंख्येत एका निरोगी बाईच्या सख्ख्या भावाला आजार आहे, आईबाबा निरोगी. नवरा निरोगी, नात्यातला नाही, त्याच्या घरात कुणाला आजार नाही. पहिलं बाळ आजारी असण्याची शक्यता?
बाई कॅरिअर असण्याची शक्यता २/३, १/२ नाही! ती आजारी नाही हे माहीत आहे, म्हणजे चारातलं एक घर आधीच बाद, उरलेल्या तिनात दोन कॅरिअर. नवऱ्याची १/२५. दोघं कॅरिअर असतील तर बाळ आजारी १/४. गुणाकार २/३ × १/२५ × १/४ = १/१५०. नवरा तिचा आतेभाऊ असता तर १/२५ वापरताच आला नसता, कारण नात्यात तोच अलील फिरत असण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे अशी लग्नं होतात म्हणून प्रश्नात ‘नात्यातला नाही’ हे शब्द आहेत का ते आधी शोधायचं.

प्र. ५. लाल-हिरवा रंगांधळेपणा, X-लिंक्ड, ८ टक्के पुरुषांना. कॅरिअर बायका किती?
वर्गमूळ काढलंत? गेलं. पुरुषाला X एकच, त्यामुळे ०.०८ हाच q. रंगांधळ्या बायका q² = ०.००६४, कॅरिअर २ × ०.९२ × ०.०८ = ०.१४७२, म्हणजे १४.७२ टक्के.

शनिवारी येताना एक उलटं करून आणा, उत्तर देत नाही. ऑटोसोमल रिसेसिव आजाराचे कॅरिअर ३२ टक्के आहेत, तर आजारी किती? उत्तरं दोन येतात, दोन्ही लिहा.